विषय: ट्रेचं कोटिंग, सिलिकॉन मॅट, बेकिंग पेपर – रोजच्या वापरात जास्त काय टिकतं?

मोहनकाका, सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, 'काय काय भाजतोस ते लिहून पाठव, मग सांगतो.' म्हणून हा लांबलचक मेल. नाताळच्या ऑर्डरी यायला लागायच्या आत बिस्किटांचे आणि केकचे ट्रे बदलायचे आहेत. एकदा डिसेंबर लागला की फोंड्यातल्या कुठल्याच बेकरीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते.

पावाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तो विषय मिटेल. पाव आणि उंडे आम्ही अजून काळ्या पत्र्याच्या जुन्या ट्रेमध्येच भाजतो. बाबांच्या वेळचे आहेत, तेल पिऊन पिऊन काळेभोर झालेत, त्यांना काही चिकटत नाही. पोळी तर थेट भट्टीच्या लादीवरच जाते. बेबिंकाची जाड बुडाची भांडीही ठीक आहेत. त्या कशालाच हात लावायचा नाही.

दुखणं आहे ते नानकटाई, बोलिन्हास, टोस्ट आणि शीट केकचं. ओव्हन म्हणाल तर एक डिझेलवरचा रोटरी आणि दोन इलेक्ट्रिक डेक. ट्रे ४०० बाय ६०० मिमीचे. नानकटाई १६० ते १७० अंशांवर, बोलिन्हास थोडे वर. २०० च्या पुढे या मालाला कधी जातच नाही. एका ट्रेवरून दिवसाला पाच-सहा घाणे निघतात, सणाच्या दिवसांत त्याहून जास्त.

मागच्या खेपेला एका दुकानातून 'नॉनस्टिक' म्हणून ट्रे घेतले. कसलं कोटिंग, किती जाड, खाली पत्रा कुठला, विचारलं तर 'चांगलं आहे, घ्या' एवढंच उत्तर. वर्ष व्हायच्या आत कोपरे सोलले. मधला भाग अजून गुळगुळीत आहे, पण चारही कोपऱ्यांत नखाएवढे पापुद्रे उठलेत. पोरं पातीचा कोपरा नेमका तिथेच घालतात, आणि बोलिन्हासचा साखरेचा पाकही तिथेच जळून बसतो. असा ट्रे मी वापरातून काढतो. पापुद्रा नानकटाईत गेला तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं?

आता प्रश्न. सिलिकॉन ग्लेझ आणि टेफ्लॉन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं मला कळतं, पण इथे दोन्ही एकाच नावाखाली विकतात. तुमच्याकडून ट्रे घेऊन गेलेल्या बेकऱ्यांचा अनुभव काय? माझ्यासारख्या कामाला, तूप-साखर जास्त आणि उष्णता मध्यम, एका कोटिंगवर अंदाजे किती घाणे निघतात? कंपनीच्या कागदावरचा आकडा नको, तुमच्या डोळ्यांसमोर निघालेला हवा. कोटिंग गेल्यावर ते उतरवून नवं चढवून मिळतं का, आणि तो खर्च नव्या ट्रेच्या किती टक्के पडतो? ते परवडत असेल तर जाड पत्र्याचे चांगले ट्रे एकदाच घ्यायची माझी तयारी आहे. पातळ ट्रे डेकवर गरम झाला की 'टण्ण' करून वाकतो आणि वाकलेल्या पत्र्यावर कोटिंग टिकायचं कसं?

पत्रा कुठला, हेही सांगा. अॅल्युमिनियम गंजत नाही, पण आमची धुणारी बाई सोड्याची कडक पावडर वापरायची तेव्हा ट्रे काळे-पांढरे पडले. ती पावडर आता बंद केली आहे. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ स्पंज. अॅल्युमिनाइज्ड स्टील चांगलं म्हणतात, पण इथली हवा तुम्हाला माहीत आहे. पावसाचे चार महिने ओल जात नाही. कापलेल्या कडेवरचा थर गेला की तिथूनच गंज धरतो, ओले ट्रे एकावर एक ठेवले की संपलंच. आम्ही धुतलेले ट्रे निवत्या ओव्हनमध्ये वाळवतो, तरी भीती आहेच. कडा दुमडून बंद केलेले ट्रे येतात का?

मॅटबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. दोन सिलिकॉन मॅट डेकवर वापरून पाहिल्या. पाकाच्या मालाला नंबर एक. बोलिन्हास गार झाल्यावर बोटाने सरकवला तरी सुटतो. पण नानकटाई त्यावर पसरते आणि बुडाला रंग येत नाही, कारण मॅट उष्णता अडवते. शिवाय तूप शोषून ती चिकट होते, आणि एकदा गार्लिक ब्रेड भाजला की पुढे आठवडाभर बिस्किटांना लसणाचा वास. तुम्ही म्हणाल वेगळ्या ठेव, ठेवल्या आहेत. पण आतली काचेची जाळी कडेला दिसायला लागली की मॅट टाकून द्यायची, हे बरोबर ना? आमच्या एका पोराने मॅटवरच सुरीने केक कापला, त्या रेघेतून धागे वर आले. मी ती लगेच काढली.

भोकं असलेली मॅट नानकटाईला चालेल का? आणि टेफ्लॉनचं कापड? ते पातळ असल्यामुळे बुडाला रंग बरा येईल असं वाटतं, २६० अंशांपर्यंत चालतं म्हणजे मला पुरेसं आहे. पण घडी पडली की तिथे तडकतं असं ऐकलं, आणि रोटरीच्या वाऱ्यात कोपरे उचलतात का ते तुम्हीच सांगा. कागद तर उडतोच. आम्ही चार कोपऱ्यांना पिठाचा ठिपका लावून चिकटवतो.

कागदाचंही एक आहेच. बाजारात 'बटर पेपर' म्हणून जो देतात तो गुंडाळायचा असतो, ओव्हनमध्ये केकच्या बुडाला पक्का चिकटतो. मला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेला हवा, ट्रेच्या मापात कापलेला, गुंडाळी नको. कोरड्या बिस्किटांना एक कागद तीन-चार वेळा चालतो, केकला एकदाच. या हिशेबाने कागद, कापड आणि मॅट यांत एका घाण्यामागे स्वस्त काय पडतं, ते तुमच्या दराने मांडून द्याल का? माझा कल असा: शीट केकला कागद, पाकाच्या मालाला मॅट, नानकटाई-टोस्टला कोटिंगचा ट्रे. चुकत असेल तर खडसावून सांगा.

आणखी एक. ग्रीसिंगला आम्ही लेसिथिनवालं तेल फवारतो. कोटिंगच्या ट्रेवर त्याचा तपकिरी चिकट थर बसतो, घासला तर कोटिंग जातं, ठेवला तर माल चिकटतो. तुमच्याकडचे लोक काय लावतात?

तुम्ही हे सगळंच विकता, म्हणून मोकळेपणाने विचारतो: बेकरी तुमची असती तर तुम्ही कशावर पैसे घातले असते? प्रत्येकी दोन ट्रे, एक मॅट आणि एक कापड नमुन्याला पाठवा, बिलासकट. रात्रीच्या ट्रान्सपोर्टने टाकलंत तर सकाळी फोंड्यात उतरवून घेतो. अन्नासाठी चालतं याचा लेखी दाखला सोबत ठेवा, तपासणीला आले की तोच आधी मागतात. नमुने पसंत पडले की चाळीस ट्रेची ऑर्डर ऑक्टोबर संपायच्या आत देतो.

काकूंना नमस्कार सांगा. या खेपेला बेबिंका पाठवतो, पण गोड कमी खायचं हे डॉक्टरांनी सांगितलंय तेही लक्षात आहे, म्हणून छोटी.

आपला,
संदीप
फोंडा, गोवा