सिकलसेल क्रायसिस समजून उपचार झालेला स्क्रब टायफस: पूर्व विदर्भातील एक रुग्णवृत्तांत

लेखक: ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, त्याच रुग्णालयातील अधिपरिचारिका, आणि जिल्हा रुग्णालयातील भिषक

सारांश

सिकलसेल आजार (एसएस) असलेली विशीतील शेतमजूर तरुणी पाच दिवसांचा ताप, अंगदुखी आणि कावीळ घेऊन ग्रामीण रुग्णालयात दाखल झाली. वेदनेचा क्रायसिस आणि सोबत जिवाणूसंसर्ग असे निदान करून सलाईन, वेदनाशामके आणि सेफ्ट्रायाक्झोन सुरू केले. ताप उतरला नाही आणि तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन कमी झाला. त्या संध्याकाळी अंग पुसताना अधिपरिचारिकेला डाव्या स्तनाखालच्या घडीत काळी, न दुखणारी खपली, म्हणजे एस्कार, दिसली. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांच्या आत ताप गेला. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा चाचणी नंतर पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट कमी होत्या आणि एएलटी वाढलेले होते. क्रायसिसच्या चौकटीत न बसणाऱ्या या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी आमच्या हातात होत्या.

कळीचे शब्द: स्क्रब टायफस, सिकलसेल आजार, एस्कार, अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, ग्रामीण रुग्णालय

रुग्णाची माहिती

रुग्ण अविवाहित, वजन ४१ किलो. सिकलसेलचे निदान शाळेतल्या तपासणीत झालेले. हायड्रॉक्सीयुरिया ५०० मिलिग्रॅम रोज, पण पावसाळ्यात मजुरीच्या दिवसांत गोळ्या चुकत. नेहमीचे हिमोग्लोबिन ७.८ ते ८.२ च्या दरम्यान. आधीच्या दोन वर्षांत क्रायसिससाठी तीनदा भरती, तिन्ही वेळा आमच्याकडेच. त्यामुळे वॉर्डात तिची ओळख होती, आणि तिच्या आजाराचीही.

ताप येण्याच्या सुमारे बारा दिवस आधीपासून ती धानाच्या बांध्यांत निंदणाला जात होती आणि दुपारी धुऱ्यावरच्या गवतात बसून जेवत होती. ही माहिती आम्ही सातव्या दिवशी विचारली. दाखल करतानाच्या नोंदीत 'व्यवसाय: मजुरी' एवढेच लिहिलेले आहे.

घटनाक्रम (ताप आला तो दिवस १)

दिवस १ ते ३: थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पाठ व मांड्या दुखणे. गावात दोन इंजेक्शने आणि पॅरासिटामॉल.

दिवस ४: प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची रॅपिड चाचणी निगेटिव्ह. सिकलसेलचे कार्ड पाहून ग्रामीण रुग्णालयाकडे चिठ्ठी.

दिवस ५, दुपार: आमच्याकडे दाखल. सलाईन, ट्रामाडॉल, सेफ्ट्रायाक्झोन.

दिवस ६: ताप १०३ अंश. दुखणे थोडे कमी. डेंग्यू एनएस१ व मलेरिया स्मिअर निगेटिव्ह. औषधात बदल नाही.

दिवस ७, सकाळ: खोकला, धाप, ऑक्सिजन ९० टक्के. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात ठिगळे. अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम गृहीत धरून ऑक्सिजन व अ‍ॅझिथ्रोमायसिन.

दिवस ७, संध्याकाळी साडेसहा: एस्कार सापडला. लघवीची गर्भचाचणी निगेटिव्ह. डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम तोंडाने. एलायझासाठी रक्त घेतले. रात्री १०८ रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात रवानगी.

दिवस ८: जिल्हा रुग्णालयात लाल रक्तपेशींची एक पिशवी. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

दिवस ९, सकाळ: ताप उतरला, पुन्हा आला नाही.

दिवस ११: ऑक्सिजन काढला.

दिवस १३: घरी सुट्टी. डॉक्सीसायक्लिन एकूण सात दिवस.

दिवस १४: आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह.

दिवस ३०: फेरतपासणी. तक्रार नाही, हिमोग्लोबिन ८.१, प्लेटलेट २.६ लाख.

तपासणीतील निष्कर्ष

दाखल करताना ताप १०२.८ अंश, नाडी १२४, रक्तदाब ९६/६०, श्वास २४, ऑक्सिजन ९५ टक्के. डोळे पिवळे. यकृत बरगडीखाली दोन बोटे, प्लीहा हाताला लागत नव्हती. मान ताठ नव्हती. अंगावर पुरळ दिसले नाही असे नोंदवले आहे. मात्र ही नोंद चेहरा, हात, पोट आणि गुडघ्याखालच्या पायांपुरतीच खरी होती. रुग्ण साडीत होती, पडदा एकच होता, तपासणारा डॉक्टर पुरुष होता आणि त्या वेळी परिचारिका प्रसूतिकक्षात होत्या.

सातव्या दिवशी सापडलेली खपली सुमारे एक सेंटिमीटरची होती: मधे काळी, कडेला लालसर कड, सिगारेटच्या चटक्यासारखी. दाबल्यावर दुखत नव्हती, खाजत नव्हती. डाव्या काखेत दोन गाठी लागल्या.

प्रयोगशाळेतील दिवस ५ चे आकडे: हिमोग्लोबिन ६.९, पांढऱ्या पेशी १४,२००, प्लेटलेट ६८,०००, एकूण बिलिरुबिन ४.२ (डायरेक्ट १.९), एएसटी १८६, एएलटी १३४, क्रिएटिनिन १.१. दिवस ७ ला हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट ५२,०००.

निदानाचा विचार

दाखल केले त्या दिवशी आमच्यासमोर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर आणि क्रायसिस एवढी नावे होती. स्क्रब टायफस यादीत नव्हता. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ येऊन गेलेली असल्याने, 'आपल्याकडे होत नाही' ही सबब आमच्याकडे नाही.

एलायझाचा नमुना एकदाच घेतला. काही दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडांची वाढ दाखवली असती किंवा खपलीची पीसीआर केली असती, तर निदान अधिक भक्कम झाले असते. ती सोय जवळ नव्हती आणि रुग्ण बरी होऊन घरी गेल्यावर पुन्हा रक्तासाठी बोलावणे आम्हाला योग्य वाटले नाही. तरीही नमुनेदार एस्कार, पॉझिटिव्ह आयजीएम आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद या तिन्ही गोष्टी एकत्र पाहता निदानाबद्दल आम्हाला शंका नाही.

चर्चा

स्क्रब टायफस ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होतो. तो माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून माणसात येतो. अळी गवतात, झुडपांच्या कडेला असते आणि चावलेले सहसा कळत नाही. चावा ते ताप यात बहुतेक वेळा दहा-बारा दिवस जातात. आमच्या रुग्णाच्या निंदणाच्या दिवसांशी हे जुळते. जिवाणू पेशीच्या आत राहतो आणि सेफ्ट्रायाक्झोनसारखी औषधे त्यावर चालत नाहीत. म्हणजे पहिले दोन दिवस आम्ही दिलेल्या प्रतिजैविकाचा मूळ आजाराशी संबंधच आला नाही.

या रुग्णात निदान का चुकले? सिकलसेलच्या रुग्णाला ताप, हाडे दुखणे आणि कावीळ असेल तर क्रायसिस म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच असते, आणि अशा रुग्णाला तापात लगेच प्रतिजैविक देणेही बरोबर असते. आमची चूक उत्तर लवकर मिळाले की प्रश्न विचारणे थांबले, ही होती. सिकलसेलच्या अनेक प्रौढ रुग्णांची प्लीहा आकसून निकामी झालेली असते, त्यामुळे त्यांच्या प्लेटलेट सहसा सामान्य किंवा जास्तच असतात. ६८,००० हा आकडा तिच्यासाठी दुसऱ्या कुणापेक्षा जास्त असामान्य होता. आधीच्या तिन्ही भरतींच्या कागदांत तिच्या प्लेटलेट तीन लाखांच्या वर आहेत आणि ते कागद आमच्याच कपाटात होते. एएसटी रक्तपेशी फुटल्यामुळेही वाढते. पण सोबत एएलटी तीनपटीपेक्षा जास्त असेल तर यकृताकडे पाहायला हवे. अर्थात गंभीर क्रायसिसमध्ये अनेक अवयव बिघडू लागले तरी प्लेटलेट पडतात. त्यामुळे या आकड्यावरून स्क्रब टायफस सिद्ध होत नाही, पण 'हा नेहमीचा क्रायसिस नाही' एवढे नक्की कळते.

फुप्फुसातील ठिगळे नेमकी कशाची होती? स्क्रब टायफसमध्ये न्यूमोनायटिस होतो. सिकलसेलमध्ये कोणताही संसर्ग अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमला निमित्त ठरू शकतो. आमच्या मते दोन्ही एकाच वेळी होते, पण एक्स-रेवरून ते वेगळे करता येत नाही आणि उपचाराच्या दृष्टीने तसे करण्याची गरजही नव्हती. चेस्ट सिंड्रोम गृहीत धरून रक्त आणि ऑक्सिजन द्यावेच लागले असते.

गुण नेमका कोणत्या औषधाने आला हेही आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन सकाळी दिले होते, डॉक्सीसायक्लिन संध्याकाळी, आणि ओरिएन्शियावर दोन्ही चालतात. गंभीर स्क्रब टायफसमध्ये ही दोन औषधे एकत्र देणे एकट्या औषधापेक्षा सरस ठरल्याचे भारतातील बहुकेंद्री चाचणीने २०२३ मध्ये दाखवले आहे. तिथे औषधे शिरेतून दिली होती. आमच्याकडे हे एकत्र उपचार योगायोगाने झाले, त्याचे श्रेय आम्ही घेत नाही.

खपलीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, म्हणजे कपडा घट्ट बसतो तिथे असते आणि दुखत नसल्याने रुग्ण दाखवत नाही. स्त्री रुग्णात ती शोधायची तर आडोसा आणि स्त्री कर्मचारी दोन्ही लागतात. तीस खाटांच्या रुग्णालयात दुपारच्या पाळीला एकच परिचारिका असताना हे आपोआप होत नाही. आम्ही आता तापाच्या प्रत्येक भरतीच्या कागदावर 'खपली पाहिली का, कोणी पाहिली' अशी ओळ छापून घेतली आहे. ज्या अधिपरिचारिकेने ती पाहिली, त्यांनी यापूर्वी कधी एस्कार पाहिला नव्हता. 'हे खरचटल्यासारखं नाही' एवढेच त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांना हाक मारली. या लेखाच्या त्या दुसऱ्या लेखिका आहेत.

रुग्णाचे म्हणणे

फेरतपासणीच्या दिवशी रुग्णाने सांगितलेले तिच्याच शब्दांत: "ते खपली मले भरती व्हायच्या आधीच दिसली होती. वाटलं, काहीतरी चावलं असन. सायबाले छातीखालचं कसं दाखवू? अन् मले कोणी विचारलंबी नाही. सगळे म्हणत, तुझा तोच सिकल आहे. मलेबी तोच वाटला."

संमती

या वृत्तांताच्या प्रकाशनासाठी रुग्णाची लेखी संमती घेतली आहे. ती भरतीच्या काळात नव्हे, तर तिसाव्या दिवशी, रुग्ण पूर्ण बरी असताना, उपचारात सहभागी नसलेल्या समुपदेशकांनी घेतली. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले आणि बोलीत समजावले. रुग्ण नववीपर्यंत शिकलेली आहे, तिने स्वतः वाचून सही केली. आई सोबत होती, पण सही रुग्णाची एकटीची आहे. संमती दिली नाही तरी पुढच्या उपचारात फरक पडणार नाही आणि लेख छापला जाईपर्यंत ती मागे घेता येईल, हे तिला सांगितले होते.

सिकलसेलचे नाव लागल्याने लग्नाच्या बोलणीत अडचण येते, अशी काळजी रुग्णाने व्यक्त केली. तिच्या सांगण्यावरून गाव, तालुका, समाज, वर्ष आणि भरतीच्या तारखा दिलेल्या नाहीत, वयही ढोबळ ठेवले आहे. एस्कारच्या मूळ छायाचित्रात दंडावरचे गोंदण येत होते. ते कापून फक्त खपलीपुरता भाग ठेवला आणि तो रुग्णाला दाखवला. तो पाहूनही तिने छायाचित्र छापू नये असे सांगितले, म्हणून लेखासोबत छायाचित्र नाही. अंतिम मसुदा तिला वाचून दाखवला. 'रुग्णाचे म्हणणे' या भागात तिने एक वाक्य गाळायला सांगितले, ते गाळले आहे.

हितसंबंध व आर्थिक साहाय्य: लेखकांचे कोणतेही परस्परविरोधी हितसंबंध नाहीत. या लेखासाठी कोणाकडूनही आर्थिक साहाय्य घेतलेले नाही. सर्व तपासण्या व औषधे शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य मिळाली.