रिपोर्टिंग मॅनेजर बदलून मिळण्याबाबत विनंती

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. उपाध्यक्ष, प्लांट ऑपरेशन्स

प्रत : प्रमुख, मनुष्यबळ विभाग

विषय : इनवर्ड गुणवत्ता विभागाची रिपोर्टिंग व्यवस्था बदलण्याबाबत

महोदय,

मी इनवर्ड इन्स्पेक्शनची वरिष्ठ गुणवत्ता अभियंता असून २ जून २०२५ पासून उत्पादन व्यवस्थापकांना रिपोर्ट करते. माझे रिपोर्टिंग त्यांच्याऐवजी ग्राहक गुणवत्ता व्यवस्थापकांकडे द्यावे, अशी माझी विनंती आहे. हे पत्र तक्रार म्हणून नोंदवले जाऊ नये. उत्पादन व्यवस्थापकांच्या वागण्याबद्दल माझा कोणताही आरोप नाही, आणि असे पत्र देणार असल्याचे मी त्यांना ६ नोव्हेंबरला प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे.

जूनपर्यंत आमचा विभाग गुणवत्ता व्यवस्थापकांखाली होता. त्यांची दुसऱ्या प्लांटवर बदली झाली तेव्हा इनवर्ड आणि इन-प्रोसेस इन्स्पेक्शन तात्पुरते उत्पादनाला जोडले गेले. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारा गट मात्र वेगळाच राहिला. आदेशात 'तीन महिन्यांसाठी' असा उल्लेख होता, पुढचा आदेश निघाला नाही. व्यवस्था तशीच चालू राहिली, यात कोणा एकाची चूक नाही. पण आमच्या संबंधांतला ताण बराचसा तिथूनच सुरू होतो. माल थांबवणे हे माझ्या कामात येते, आणि लाइन थांबू न देणे हे सरांच्या. एरवी हे दोन विभागांतले रोजचे ओढाताणीचे प्रकरण असते आणि वरच्या पातळीवर सुटते. आमच्याकडे ते एकाच रिपोर्टिंग लाइनमध्ये आले आहे, त्यामुळे प्रत्येक होल्ड हा वरिष्ठांना दिलेला नकार ठरतो.

एक प्रसंग थोडा तपशिलात मांडते, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. १७ जुलैला २४० शाफ्टचा लॉट आला. बेअरिंग बसते त्या व्यासाची मर्यादा २४.९८७ ते २५.००० मिमी. नमुना ३२ नगांचा, एक सदोष नग चालतो, दोन निघाले की लॉट नाकारायचा. आम्हाला तीन नग कमी व्यासाचे मिळाले, २४.९८१ ते २४.९८४ मिमी. लॉटला होल्ड टॅग लावून मी सिस्टिममध्ये नोंद केली. १९ जुलैला सकाळी पाहिले तेव्हा ६० नग असेंब्लीत वापरले गेले होते. सरांनी डिझाइन विभागाशी फोनवर बोलून ते सोडले होते, पण डेव्हिएशन नोट निघाली नव्हती आणि टॅग रॅकवर तसाच होता. मी ९ वाजून ४० मिनिटांनी मेल केला आणि प्लांट प्रमुखांना सीसीत ठेवले.

पुढे डिझाइन विभागाने २४.९८० मिमीपर्यंतचे नग चालतील असे लेखी दिले. उरलेल्या १८० नगांची शंभर टक्के तपासणी केली, त्यात १४ नग मूळ मर्यादेबाहेर निघाले, पण एकही २४.९८० च्या खाली नव्हता. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सरांचा निर्णय बरोबरच होता. फक्त कागद मागून आला. आणि कागद आधी लागतो तो एवढ्यासाठीच की, उद्या ग्राहकाकडून बेअरिंग सैल असल्याची तक्रार आली तर ते ६० नग कोणत्या असेंब्लीत गेले हे शोधता आले पाहिजे. त्या दोन दिवसांतल्या असेंब्लीचे सीरियल नंबर नंतर शिफ्ट रजिस्टरवरून जुळवावे लागले, त्यात दोन इन्स्पेक्टरांचा दीड दिवस गेला. माझ्या बाजूची चूक मी लपवत नाही. मेल पाठवण्याआधी मी सरांना फोन करायला हवा होता, आणि पहिल्याच मेलमध्ये प्लांट प्रमुखांना सीसी करायला नको होते. सरांना ते त्यांना डावलून वर जाण्यासारखे वाटले आणि ते समजण्यासारखे आहे. तेव्हापासून आमचे बोलणे बहुतांश मेलवरच होते.

दुसरा प्रसंग ऑगस्टअखेरचा. डिस्पॅचची गरज म्हणून माझ्या तीनपैकी दोन इन्स्पेक्टरांना २६ ते ३० ऑगस्ट पॅकिंगवर घेतले गेले. ही सूचना थेट त्यांना मिळाली, मला शिफ्ट सुरू झाल्यावर कळले. महिनाअखेरीस माणसे हलवावी लागतात, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. आदल्या दिवशी कळले असते तर तातडीचे लॉट पुढे घेता आले असते. त्या पाच दिवसांत १९ लॉट तपासणीविना साचले आणि एरवी एका दिवसात होणाऱ्या तपासणीला तीन दिवस लागू लागले. त्याचा फटका पुन्हा लाइनलाच बसला.

याचा परिणाम माझ्यापुरताच असता तर मी हे पत्र लिहिले नसते. इन्स्पेक्टरांना एकाच लॉटबद्दल दोन सूचना मिळतात आणि ते कोणाचे ऐकायचे हे विचारायला घाबरतात. एकाने तर सप्टेंबरमध्ये सही टाळण्यासाठी तपासणी अहवालावर शेरा रिकामा सोडला. मीही, जिथे एका फोनने काम झाले असते, तिथे लेखी मंजुरी मागत बसते. ही सवय मला स्वतःलाच आवडत नाही. पण तोंडी ठरलेले नंतर वेगळे आठवते हा अनुभव दोघांनाही दोनदा आला आहे.

मध्यवार्षिक आढाव्यात हा पेच स्पष्ट झाला. माझ्या गोल शीटमध्ये एप्रिलपासून 'सदोष माल लाइनवर न जाणे' हे मुख्य उद्दिष्ट आहे. १० ऑक्टोबरच्या आढाव्यात त्यात 'तपासणीमुळे लाइन न थांबणे' ही भर पडली, तीही पहिल्याइतक्याच वजनाची. दोन्ही उद्दिष्टे रास्त आहेत. पण वादग्रस्त लॉटवर एक साधले की दुसरे चुकते, आणि त्या लॉटचा निवाडा व मूल्यमापन दोन्ही एकाच ठिकाणी होते. सरांनाही ही अडचण वाटते असे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून मला जाणवले.

आम्ही काही प्रयत्न केले. ऑगस्टपासून दर गुरुवारी दुपारी ४ वाजता १५ मिनिटांची बैठक ठरली, नऊ आठवड्यांत ती तीनदाच झाली. त्या वेळेला शिफ्ट बदलाची धावपळ असते, वेळ निवडतानाच चुकली. होल्डवरच्या लॉटची सामाईक शीट सुरू केली. ती आजही चालू आहे आणि तिचा उपयोग झाला : होल्डवर निर्णय व्हायला आधी सरासरी चार दिवस लागत, आता दोन लागतात. २२ सप्टेंबरला मनुष्यबळ विभागासोबत संयुक्त बैठकही झाली. तिथे दोघांनी मोकळेपणाने बोलून सहा मुद्दे ठरवले, त्यातले चार पाळले जातात. राहिलेले दोन, म्हणजे डेव्हिएशन नोटशिवाय होल्ड माल न सोडणे आणि इन्स्पेक्टरांना सूचना माझ्यामार्फत देणे, हे सध्याच्या रचनेत टिकत नाहीत. डिस्पॅचची वेळ आली की तेच आधी मोडतात, कारण ते मोडण्याचा अधिकार आणि घाई एकाच खुर्चीकडे आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. इनवर्ड विभागाचे रिपोर्टिंग १ डिसेंबरपासून तीन महिन्यांसाठी ग्राहक गुणवत्ता व्यवस्थापकांकडे द्यावे आणि फेब्रुवारीअखेर आढावा घ्यावा. त्यांच्याकडे सध्या चार जणांचा गट आहे. आम्ही धरून आठ होतील. डेव्हिएशनची मंजुरी त्यांच्या आणि डिझाइनच्या सहीने व्हावी, उत्पादनाची मागणी त्यावर कारणासह नोंदवलेली असावी. तातडीच्या लॉटसाठी दोन तासांत उत्तर देण्याची जबाबदारी मी घेते, रात्रपाळीत ती शिफ्टच्या इन्स्पेक्टरकडे राहील आणि अडचण आली तर मी फोनवर असेन. नाहीतर उत्पादनाला ही व्यवस्था डोकेदुखीच वाटेल.

पूर्ण बदल लगेच शक्य नसेल तर निदान कामाचे विभाजन करावे. हजेरी, रजा आणि शिफ्टची आखणी सध्याप्रमाणे उत्पादन व्यवस्थापकांकडे राहू द्यावी. लॉटवरचे निर्णय आणि वार्षिक मूल्यमापन मात्र गुणवत्तेकडे असावे. हा पर्याय मला दुय्यम वाटतो, कारण दोन ठिकाणी उत्तर देताना इन्स्पेक्टरांचा गोंधळ पूर्ण संपणार नाही. तरी आजच्यापेक्षा तो बरा.

बदल मंजूर झाल्यास हस्तांतराला एक आठवडा पुरेल. आज पुरवठादारांकडे ११ नाकारणी अहवाल उघडे आहेत, त्यातल्या चारांवर एट-डी अहवाल यायचा आहे, आणि डिसेंबरमध्ये ३८ गेजचे कॅलिब्रेशन ठरलेले आहे. यांची यादी जबाबदार व्यक्ती आणि तारखांसह तयार आहे. मूल्यमापनासाठी एप्रिल ते नोव्हेंबरचा अभिप्राय उत्पादन व्यवस्थापकांनी आणि पुढचा नव्या व्यवस्थापकांनी द्यावा, म्हणजे जूनपासूनच्या कामाची त्यांची नोंद गळणार नाही. पद, वेतन किंवा कामाच्या स्वरूपात मी कोणताही बदल मागत नाही.

निर्णय होईपर्यंत सध्याची व्यवस्था मी पाळेन आणि सामाईक शीट रोज सायंकाळी ५ पर्यंत अद्ययावत ठेवेन. या विषयावर आपण ३० मिनिटे द्यावीत, शक्य झाल्यास २१ नोव्हेंबरपूर्वी. कारण डिसेंबरची शिफ्ट आखणी २४ तारखेला निघते आणि त्यानंतर बदल केला तर पुन्हा सगळ्यांच्या पाळ्या हलतील. बैठकीला उत्पादन व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभाग उपस्थित असावेत, असे मलाही वाटते. त्यांच्या पाठीमागे हा निर्णय व्हावा अशी माझी इच्छा नाही.

सोबत २२ सप्टेंबरच्या बैठकीचे मुद्दे, होल्ड लॉटची शीट आणि उघड्या कामांची यादी जोडली आहे.

आपली विश्वासू,

वरिष्ठ गुणवत्ता अभियंता, इनवर्ड इन्स्पेक्शन
कर्मचारी क्रमांक २१४७