अनुपस्थित सोबत्यांसाठी

आदरणीय अध्यक्ष महोदय, कमांडिंग ऑफिसर साहेब, पलटणीतले सर्व आजी-माजी सहकारी, आणि पलटणीच्या कुटुंबातल्या सर्व वहिनी, ताई व मुलांनो,

आजच्या संध्याकाळचे हलकेफुलके बोलणे माझ्या आधीच्या वक्त्यांनी पार पाडले आहे आणि रेजिमेंटच्या नावाने प्यालाही उंचावून झाला आहे. शेवटचे काम माझ्याकडे सोपवले गेले, ते वयाच्या ज्येष्ठतेमुळे. ज्यांच्या नावाने हा प्याला उंचवायचा, त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्ष ओळखणारे आता या दालनात फार थोडे उरले आहेत, म्हणून मी हे काम आनंदाने नव्हे, पण मनापासून स्वीकारले.

दाराजवळच्या त्या लहान टेबलाविषयी दोन-तीन तरुण जवानांनी मघाशी विचारले, म्हणून सांगतो. त्यावर पांढरे कापड अंथरलेले आहे, एकच खुर्ची आहे आणि प्याला पालथा ठेवलेला आहे; कारण ज्याच्यासाठी तो मांडला, तो आपल्याबरोबर प्याला उचलू शकत नाही. ती खुर्ची कितीही गर्दी झाली तरी कोणी ओढून घ्यायची नसते, आणि गेल्या मेळाव्यात ती ओढली गेली होती हे ज्यांना आठवते आहे, त्यांनी आता एकमेकांकडे पाहू नये.

अडज्युटंट साहेबांनी मघाशी नावे वाचली. ती हुद्द्यांशिवाय, केवळ वर्णानुक्रमाने वाचली जावीत, अशी मी त्यांना विनंती केली होती. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रकुलातील हुतात्म्यांच्या कबरींवर हुद्द्यानुसार लहानमोठे दगड बसवायचे नाहीत, सेनापती असो वा शिपाई, सर्वांना एकाच मापाचा दगड द्यायचा, असा निर्णय झाला, आणि तो त्या काळी अनेकांना रुचला नव्हता. विशेषतः ज्या घराण्यांना आपल्या मुलासाठी स्वतंत्र स्मारक उभारण्याची ऐपत होती, त्यांना. मला मात्र तो निर्णय नेहमीच योग्य वाटत आला आहे. हुद्दा हा जिवंत माणसांत काम वाटून देण्यासाठी असतो, आणि नावे वाचली जात असताना ते काम संपलेले असते.

परंतु यादी वाचून माणूस आठवत नाही, म्हणून दोघांविषयी थोडे बोलतो.

माझ्या प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर तोंडाशी धरलेल्या हँडसेटभोवती डाव्या हाताची ओंजळ करून बोलत असे, म्हणजे वाऱ्याचा आवाज आत जाऊ नये आणि त्याचा आवाज बाहेर जाऊ नये. सगळे शांत असले की तो भराभर बोले, मध्येच एखादी थट्टा करी आणि त्याबद्दल बोलणीही खाई. पण खरोखर काही बिघडले की त्याचे बोलणे संथ होई, इतके संथ की लिहून घेणाऱ्याला एकही शब्द पुन्हा विचारावा लागत नसे. त्याची चौकी ज्या रात्री पडली, त्या रात्री त्याने नेहमीची तपासणी पूर्ण केली, संदेश स्पष्ट मिळाल्याचे कळवले, आणि पुढच्या वेळेला उत्तर आले नाही. उत्तर आले नाही तर ठरावीक वेळा पुकारायचे, नोंदवहीत तशी नोंद करायची आणि पुढच्या चौकीला पुकारायचे, असा नियम आहे. सेटवर बसलेल्या जवानाने तो नियम पाळला, पुढच्या चौक्यांशी त्याचे बोलणे झाले, कारण त्यांनाही त्याची गरज होती. पण दर फेरीत तो पहिल्यापासून सुरुवात करत राहिला, आणि उजाडेपर्यंत त्याला कोणी थांबवले नाही. तो जवान आज येथे बसला आहे. त्याचे नाव घेतलेले त्याला आवडणार नाही.

दुसरे आमचे कोठाराचे हवालदार. सही घेतल्याशिवाय त्यांनी कोणाला मोजासुद्धा दिला नाही, मग समोर शिपाई असो किंवा खुद्द कर्नल साहेब. त्यांच्या या काटेकोरपणावर आम्ही सर्वांनी यथेच्छ तोंडसुख घेतले आहे. मात्र सही हवी असेल तर ते कोणाला कोठारात बोलावत नसत. मध्यरात्रीनंतर, गुडघाभर चिखलातून, वही पावसाळी कपड्याच्या आत धरून ते स्वतः मोर्च्यापर्यंत येत, कोरडे कपडे देत आणि सहीसाठी पेन्सिल पुढे करत, कारण पावसात शाई पसरते. त्यांना गोळी लागली नाही. निवृत्तीनंतर दीर्घ आजाराने ते आपल्या घरी गेले, आणि म्हणून त्यांचे नाव स्मारकाच्या दगडावर नाही.

मला आज जे सांगायचे आहे ते इथेच आहे. दगडावर कोणाची नावे कोरायची याचा नियम ठरलेला आहे, तो बरोबर आहे आणि तो बदलावा असे मी म्हणणार नाही. पण हा प्याला त्या दगडापेक्षा मोठ्या यादीसाठी असतो. त्यात रणात पडलेले आहेत, तसेच जुन्या जखमेचे दुखणे वर्षानुवर्षे सोसून गेलेले आहेत; सरावाच्या मैदानावर अपघातात गेलेले आहेत, ज्यांच्या घरच्यांना युद्ध नसतानाही तीच बातमी ऐकावी लागली; आणि लढाई संपून बराच काळ लोटल्यावर, सगळे ठीक आहे असे आपण समजत असताना, त्याच लढाईने ज्यांना आपल्यातून नेले, तेही आहेत. या शेवटच्या मंडळींची नावे आपण आजवर जरा दबक्या आवाजात घेत आलो. मघाशी ती इतर नावांच्याच आवाजात वाचली गेली, याबद्दल मी अडज्युटंट साहेबांचा ऋणी आहे.

समोरच्या रांगेत बसलेल्या वहिनींना आणि मातांना मी काही सांगावे, एवढी माझी योग्यता नाही. आपण दरवर्षी येता, आणि आमच्यापैकी ज्यांना आपल्याशी काय बोलावे हे सुचत नाही, त्यांनाही सांभाळून घेता, एवढेच कृतज्ञतेने नमूद करतो.

काही सोबत्यांचा पत्ताच लागत नाही. ते हयात आहेत की नाहीत हेही पलटणीला ठाऊक नाही. त्यांची यादी दाराशी लावलेली आहे. कोणाला काही माहिती असेल, अगदी जुना फोन क्रमांक असेल तरी, जाण्यापूर्वी तो तेथे लिहून ठेवावा.

प्याल्यानंतर बिगुलवादक लास्ट पोस्ट वाजवील. पहाऱ्याच्या सर्व जागा तपासून झाल्या आणि दिवस संपला, हे छावणीला कळवणारा हा मुळात रोजचाच इशारा. पुढे तो अंत्यसंस्कारांत आला. बेल्जियममधील ईपर येथे, ज्यांना कबर मिळाली नाही अशा हजारो सैनिकांची नावे कोरलेल्या मेनिन गेटखाली, १९२८ मध्ये सुरू झालेल्या प्रथेनुसार आजही रोज रात्री आठ वाजता तो वाजवला जातो. बिगुल थांबल्यावर शांतता पाळली जाईल, आणि दुसरा इशारा होईपर्यंत सर्वांनी उभे राहावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसूनच राहावे, आज कोणी हजेरी घेणार नाही.

प्याल्यात काय आहे याला या वेळी महत्त्व नाही, पाणी असले तरी चालेल. प्याले एकमेकांवर वाजवू नयेत, आणि माझे शब्द उच्चारून झाल्यावर कोणी काही बोलू नये.

अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने. सर्वांनी कृपया उभे राहावे.

आपले अनुपस्थित सोबती.