संतांची कविता आणि लोकांची बोली
(तृतीय वर्ष कला आणि एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यान)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

संतसाहित्यावरच्या उत्तरात एक वाक्य हमखास येतं: "संतांनी साध्या, सोप्या भाषेत लोकांना उपदेश केला." आजचं व्याख्यान या वाक्याविरुद्ध आहे. ज्ञानेश्वरीची कुठलीही दहा पानं टिपेशिवाय वाचून पाहा, सोपी वाटणार नाहीत. तुकोबांचा अभंग सोपा वाटतो, पण तसा एक लिहायला बसलं की त्यामागची कारागिरी कळते. संतांनी लोकांची भाषा घेतली हे खरं आहे. मात्र त्यांनी तिच्यातून नेमकं काय उचललं, कसं घडवलं आणि ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आलं, हे ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तुमच्या हातात रचनांचा कागद आहे, तो समोर ठेवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. तेराव्या शतकात शास्त्र आणि धर्म यांची प्रतिष्ठित भाषा संस्कृत होती. महानुभाव पंथात केशिराजबास संस्कृतात रचना करत होते. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. ही आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे. श्रोता कोण, यावरून भाषा ठरली. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पुढे सोळाव्या शतकातही हा वाद मिटलेला नव्हता, म्हणून तर एकनाथांना विचारावं लागलं, "संस्कृत वाणी देवें केली । तरी प्राकृत काय चोरापासुनि झाली?"

आता ज्ञानेश्वरीची एक ओवी जवळून पाहू. गीतेच्या बाराव्या अध्यायात "समः शत्रौ च मित्रे च" असं चार-पाच शब्दांत येतं. ज्ञानेश्वर त्याचं काय करतात?

जो खांडावया घावो घाली ।
कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली ।
वृक्षु दे जैसा ॥

शत्रू आणि मित्र हे दोन्ही शब्द गायब झाले. त्यांच्या जागी दोन माणसं आली: एक कुऱ्हाडीचा घाव घालणारा, दुसरा रोप लावणारा. खांडणं, घाव, लावणी, साउली ही सगळी शेताच्या बांधावरची शब्दसंपत्ती आहे. मूळ श्लोकात समत्व हा गुण आहे, ओवीत ती एका झाडाची रोजची वागणूक होते. पहिल्या तीन चरणांना घाली, केली, साउली असं यमक आहे आणि चौथा चरण आखूड आहे. ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात ती यामुळे. तीन चरणांत अपेक्षा वाढत जाते आणि "वृक्षु दे जैसा" या पाच अक्षरांत उत्तर मिळतं. वाक्याचा कर्ता अगदी शेवटी ठेवला आहे. गोष्ट सांगणारा माणूस उत्सुकता अशीच ताणतो.

हा साचाही लोकांचाच. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधीपासून ओवी उखळाजवळ होती. जनाबाई "दळिता कांडिता तुज गाईन अनंता" म्हणते तेव्हा ती कामाची जागा आणि गाण्याची जागा एकच असल्याचं सांगते. हा छंद मराठीत इतका रुजला, की फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं तेही ओवीतच.

अभंगाचं माप आता मोजून घेऊ. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. बोटांवर मोजा:

मऊ मेणाहूनि (६) आम्ही विष्णुदास (६) ।
कठिण वज्रास (६) भेदूं ऐसें (४) ॥

जोडाक्षर एकच धरायचं. "विष्णुदास" आणि "वज्रास" यांचं यमक ऐकू आलं ना? लहान अभंगात दोन चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे: "जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले". इथे अक्षरं मोजतात, लघुगुरूचा क्रम पाळावा लागत नाही. याचं महत्त्व पुष्कळ विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. संस्कृत अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागी ऱ्हस्व की दीर्घ हे ठरलेलं असतं, त्यामुळे बोलीतले शब्द तिथे ओढूनताणून बसवावे लागतात. अभंगात शब्द बाजारात बोलला जातो तसाच आत येतो. उरलेली कमीजास्त लांबी चाल सांभाळते. म्हणून अक्षर एखादं जास्त निघालं की लगेच "छंददोष" असं लिहू नका, आधी ती ओळ टाळाच्या ठेक्यात म्हणून पाहा.

धंद्याच्या भाषेकडे वळू. या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे संतांचं सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसतं. नरहरी सोनारांचा अभंग घ्या: "देवा तुझा मी सोनार । तुझे नामाचा व्यवहार". पुढे देहाची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. त्रिगुणांची मूस, आत ओतलेला ब्रह्मरस. मग फुंकी, रात्रंदिवस ठोकाठोकी, विवेकाचा हातवडा, मनबुद्धीची कातरी आणि शेवटी ज्ञानाचा ताजवा. हा क्रम नीट बघा. आधी शेगडी, मग वितळवणं, फुंकणं, ठोकणं, कातरणं, अखेरीस तोलणं. कामाचे टप्पे दुकानात पडतात त्याच क्रमाने अभंगात आले आहेत. रूपक बाहेरून चिकटवलेलं असतं तर हा क्रम सांभाळला गेला नसता. आणि "रामनाम सोनें चोरी" ही ओळ! सोनार सोनं चोरतो, हा लोकांच्या मनातला जुना संशय. नरहरी तो नाकारत नाहीत, चोरी कबूल करतात आणि चोरलेला ऐवज बदलतात. ऐकणारा आधी दचकतो आणि मग त्याला अर्थ उमगतो.

चोखोबांच्या बाबतीत मात्र "लोकभाषेचा गोडवा" असलं काही लिहू नका. "जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार । बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो". जोहार हे त्या जातीवर लादलेलं अभिवादन होतं, उष्टं ही लादलेली भाकर. चोखोबांनी ती भाषा होती तशी उचलून देवाच्या दारात नेली. रोजच्या बोलण्यात गावगाड्याची उतरंड किती खोल मुरली होती, हे या चार ओळींतून कळतं. तिथे नम्रता आहे आणि आरोपही आहे. दोन्ही वाचता आले पाहिजेत.

एकनाथांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी शब्दांबरोबर लोकांचे खेळ आणि सोंगंही घेतली. वासुदेव, जोगी, गोंधळी यांची बोलण्याची ढब भारुडात आली. 'अर्जदास्त' हे भारूड तर सरकारदरबारच्या अर्जाच्या थाटात आहे, त्यात फारसी शब्दांची रेलचेल आहे, कारण तेव्हा कचेरीची भाषा तीच होती. 'विंचू चावला'ची पहिली ओळ ऐका: "विंचू चावला वृश्चिक चावला । कामक्रोध विंचू चावला". घरातला शब्द, लगेच पोथीतला शब्द, आणि तिसऱ्यांदा अर्थ उलगडून. शेवटी उपायही गावातलाच: उतारा, अंगारा. "किंचित् राहिली फुणफुण". विंचवाचं विष उतरताना उरणाऱ्या वेदनेला याहून अचूक शब्द सापडणार नाही. साधकाच्या मनात विकार किती शिल्लक राहतो, हेही त्याच शब्दात आलं. भारूड नुसतं वाचून ते पुरतं हाती लागत नाही, ते उभं राहून सादर करायचं असतं.

आता विद्यार्थी कुठे चुकतात ते सांगते. सावता माळ्यांची ओळ सर्वांना पाठ आहे: "लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी". सावतोबांचा काळ तेरावं शतक. मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात. म्हणजे आज आपण म्हणतो ती ओळ या रूपात सावतोबांची असणं कठीण. "मिरची"च्या जागी "मिरी" घातलं तर अक्षरं दहाऐवजी नऊ होतात, पुढच्या चरणाएवढी. मोह होतो, पण हस्तलिखितात आधार मिळाल्याशिवाय तसा मूळ पाठ होता असं लिहायचं नाही. एवढंच म्हणायचं, की अभंग मुखोद्गत परंपरेतून आला आणि गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली भाजी त्यात घातली असावी. अशाने अभंग खोटा ठरत नाही. मात्र त्या ओळीवरून "तेराव्या शतकातली बोली" असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष खोटा ठरतो.

दुसरी अडचण संपादनाची. ज्ञानेश्वरीत पाठभेद इतके झाले होते, की शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. तुकोबांच्या "भले तरी देऊं" या ओळीत लंगोटी कशाची? पुष्कळ पुस्तकांत "कासेची" छापलेलं असतं. जुन्या पाठात शब्द आहे "गांडीची". गावात तो शब्द सहज बोलला जायचा, सभ्य छपाईला तो खुपला. लोकभाषेवर लिहिणाऱ्याने सोवळ्यात गुंडाळलेला पाठ आधाराला घेतला, तर सगळं विवेचनच ढासळतं. निदान दोन आवृत्त्या ताडून पाहा. त्यातली एक शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी संपादलेली, १८७३ मध्ये पूर्ण झालेली गाथा असावी.

काळ ओळखायला व्याकरण मदत करतं. वृक्षु, दीपु, बोलु, लेखकु असे उकारान्त कर्ते ज्ञानेश्वरीत जागोजाग आहेत, तुकोबांकडे ते जवळजवळ दिसत नाहीत. "अमृतातें" सारखा 'तें' प्रत्ययही पुढे मागे पडला. ज्ञानदेवांच्या नावावरचा एखादा अभंग वाचताना ही रूपं अजिबात सापडली नाहीत, तर निदान तोंडातोंडी त्याची भाषा बदलली असावी, अशी शंका घ्या. नामदेवांच्या बाबतीत आणखी सावध राहा. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, ती मराठी नाहीत. ज्या मुलखात गेले तिथल्या लोकांची बोली त्यांनी स्वीकारली, म्हणून ती पदं मराठी अभंगांशी शब्दाशब्दाने जुळवू नका.

प्रकल्पासाठी एकच अभंग घ्या, दहा घेऊ नका. तीनदा मोठ्याने म्हणा, अक्षरं मोजून कागदावर मांडा, कामधंद्याचे शब्द अधोरेखित करा. मग त्या धंद्यातल्या माणसाला गाठून ते शब्द दाखवा. आजही हातवडा आणि मूस सोनाराकडे बघायला मिळतात. त्यानंतर पाठभेद तपासा आणि सगळ्यात शेवटी समीक्षाग्रंथ उघडा. समीक्षा आधी वाचली की अभंगात तेच दिसू लागतं.

कागदावरची शेवटची रचना सेना न्हाव्यांची आहे: "आम्ही वारीक वारीक । करू हजामत बारीक". चार-चार जणांचे गट करा. दर्पण, चिमटा ही साधनं कोणत्या क्रमाने आली आहेत, तो क्रम खऱ्या कामाशी जुळतो का आणि नरहरींसारखा धक्का इथे कुठे बसतो, हे शोधा. वीस मिनिटांनी प्रत्येक गटातल्या एकाने उभं राहून आधी अभंग म्हणायचा आणि मग बोलायचं.