पीसीआर आणि तीन ब्लॉट: एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री व मायक्रोबायोलॉजीसाठी टिपण

परभणीकडच्या एका शेतातलं कपाशीचं पान हातात आहे असं समजा. बियाणं बीटी म्हणून घेतलेलं, तरी बोंडात गुलाबी अळी. शेतकरी विचारतो, बियाणं बोगस आहे का? या एकाच पानावर अभ्यासक्रमातली चारही तंत्रं बसतात. cry1Ac जीन पानात आहे का, हे पीसीआर सांगतं. त्याच्या किती प्रती आहेत, ते सदर्न. त्याचा एमआरएनए बनतो का, ते नॉर्दर्न. आणि प्रथिन बनतं का, ते वेस्टर्न. कोणत्या प्रश्नाला कोणतं तंत्र, हे आधी पक्कं करा. (अळी दिसली म्हणजे बियाणं खोटंच, असं मात्र लिहू नका. गुलाबी बोंडअळीत बीटी प्रथिनाला प्रतिकारक्षमता आलेली आहे.)

पीसीआर

कॅरी मुलिस, १९८३, नोबेल १९९३. एवढा इतिहास एका ओळीत पुरे.

कपाशीच्या पानात पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर. पान कुटलं की रस तपकिरी होतो आणि ते डीएनएला चिकटून टॅक पॉलिमरेजला अडवतात. म्हणून सीटॅब पद्धत वापरतात, त्यात पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालतात. शेवटी डीएनएचा गोळा पांढरा हवा. चिकट आणि तपकिरी असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

२५ मायक्रोलिटरची एक रिअ‍ॅक्शन अशी: मॅग्नेशियम नसलेला १०एक्स बफर २.५, २५ मिलिमोलार MgCl₂ १.५, प्रत्येकी १० मिलिमोलारचं डीएनटीपी मिश्रण ०.५, १० मायक्रोमोलारचे फॉरवर्ड आणि रिव्हर्स प्रायमर प्रत्येकी १, टॅक (५ युनिट प्रति मायक्रोलिटर) ०.२, टेम्प्लेट (५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर) १ आणि न्यूक्लिएज-मुक्त पाणी १७.३ मायक्रोलिटर. बेरीज करून बघा, २५ येते. अंतिम तीव्रताही काढता आली पाहिजे: MgCl₂ १.५ मिलिमोलार, प्रत्येक डीएनटीपी २०० मायक्रोमोलार, प्रत्येक प्रायमर ०.४ मायक्रोमोलार. गणिताचा प्रश्न आला तर इथूनच येतो. ०.२ मायक्रोलिटर पिपेटने नीट घेता येत नाही, म्हणून दहा नळ्यांचं मास्टर मिक्स एकदम करतात आणि टेम्प्लेट शेवटी, नळीनिहाय घालतात.

चक्र: ९५ अंशावर ३ मिनिटं, एकदाच. मग ३० वेळा ९५ अंश ३० सेकंद, ५७ अंश ३० सेकंद, ७२ अंश ३० सेकंद. शेवटी ७२ अंशावर ५ मिनिटं. ९५ ला दोन धाग्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात. ५७ ला प्रायमर आपली जागा धरतो. ७२ ला टॅक प्रायमरच्या 3′ टोकापासून पुढे बांधत जातं. साधारण १००० बेसला एक मिनिट, म्हणून ५०० बेसच्या तुकड्याला ३० सेकंद पुरतात. टॅक *थर्मस अ‍ॅक्वाटिकस* या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून ९५ अंशाला टिकतं. त्याला 3′→5′ एक्झोन्यूक्लिएज नसतं, त्यामुळे चुका दुरुस्त होत नाहीत. क्लोनिंगसाठी दुसरं, प्रूफरीडिंग असलेलं पॉलिमरेज घ्यावं लागतं.

५७ कुठून आलं? प्रायमर २० बेसचा, त्यात A आणि T मिळून ९, G आणि C मिळून ११:

```
Tm = 2(A+T) + 4(G+C) = 2×9 + 4×11 = 62
Ta ≈ Tm − 5 = 57
```

हे सूत्र छोट्या प्रायमरपुरतं आणि ढोबळ आहे, पण परीक्षेत हेच चालतं.

दर चक्रात दुप्पट, म्हणजे ३० चक्रांत 2³⁰, साधारण १०७ कोटी. पण अचूक लांबीचे दुहेरी तुकडे पहिल्यांदा तिसऱ्या चक्रानंतर दिसतात: आठपैकी दोन. ही आकृती काढून दाखवणारे फार थोडे असतात, म्हणून सराव करा.

जेलवर काय बिघडतं? बँडच नाही: टेम्प्लेटमध्ये इन्हिबिटर असेल (दहापट पातळ करून परत लावा), नाहीतर मॅग्नेशियम कमी. अनेक बँड: अ‍ॅनिलिंग तापमान कमी किंवा मॅग्नेशियम जास्त. १०० बेसच्या खाली धूसर बँड: प्रायमर डायमर. टेम्प्लेट नसलेल्या नळीतही बँड: संसर्ग, अख्खा निकाल रद्द. आणि cry1Ac चा बँड नसेल तर लगेच 'बोगस' म्हणू नका. कपाशीच्या स्वतःच्या एखाद्या जीनचा बँड त्याच डीएनएवर येतो का बघा. तोही नसेल तर चूक बियाण्यात नाही, डीएनएत आहे.

सदर्न

एडविन सदर्न, १९७५. नाव माणसाचं, नॉर्दर्न आणि वेस्टर्न ही त्यावरून गमतीने पडलेली दिशांची नावं.

१० मायक्रोग्रॅम डीएनए अशा एन्झाइमने रात्रभर कापा, जो घातलेल्या तुकड्यात प्रोबच्या बाहेर एकदाच कापतो. मग जेवढे बँड, साधारण तेवढ्या प्रती. ०.८ टक्के अ‍ॅगरोज जेल सावकाश चालवा. तुकडे मोठे असतील तर ०.२५ नॉर्मल HCl मध्ये १० मिनिटं. प्युरीन निघतात, पुढे अल्कलीत धागा तुटतो आणि मोठे तुकडे सहज वर चढतात. जास्त वेळ ठेवलं तर इतके बारीक होतात की बँड विस्कटतो. मग ०.५ मोलार NaOH आणि १.५ मोलार NaCl मध्ये ३० मिनिटं, कारण प्रोब फक्त एकेरी धाग्यालाच बसेल. नंतर ट्रिस बफरने न्यूट्रलाइज.

मांडणी खालून वर: २०एक्स एसएससीत बुडलेली वात, जेल, मेम्ब्रेन, फिल्टर पेपर, टिश्यूची चळत, वर अर्धा किलो वजन. प्रत्येक थरावरून काचेची कांडी फिरवा. एक बुडबुडा राहिला तरी तिथला डीएनए चढत नाही आणि फिल्मवर पांढरा गोल येतो. जेलच्या चारही बाजूंनी पॅराफिल्मची पट्टी लावा, नाहीतर टिश्यू खाली टेकून द्रव जेलला वळसा घालून जातो. रात्रभर ठेवा. हे केशाकर्षण आहे, वीज लागत नाही. रात्री लाईट गेली तरी हे थांबत नाही.

मग नायलॉनवर यूव्ही, नायट्रोसेल्युलोज असेल तर ८० अंशाला व्हॅक्यूममध्ये २ तास. प्रीहायब्रिडायझेशनमध्ये सालमन माशाचा डीएनए घालतात, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा भरतात आणि प्रोब भलतीकडे चिकटत नाही. शेवटचं धुणं ६५ अंशाला ०.१एक्स एसएससीत. मीठ कमी आणि तापमान जास्त म्हणजे स्ट्रिंजन्सी जास्त. विद्यार्थी हे हमखास उलटं लिहितात.

नॉर्दर्न

सदर्नसारखंच, दोन फरक. आरएनएची घडी उघडण्यासाठी फॉर्मल्डिहाइड जेल. आणि NaOH अजिबात नाही, कारण 2′-OH मुळे आरएनए अल्कलीत तुटतं. पाणी डीईपीसीचं, हातमोजे कायम. 28S चा, वनस्पतीत 25S चा, बँड 18S च्या साधारण दुप्पट ठळक असेल तर आरएनए शाबूत.

वेस्टर्न

एसडीएस-पेज, मग विजेने ट्रान्सफर. प्रथिनावर एसडीएसचा ऋण भार, म्हणून मेम्ब्रेन धन टोकाकडे. उलटं लावलं तर प्रथिन बफरमध्ये जातं आणि दिवस वाया. पीव्हीडीएफ आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. ५ टक्के स्किम मिल्कमध्ये एक तास ब्लॉकिंग, प्रायमरी अँटीबॉडी १:१००० ने ४ अंशावर रात्रभर, टीबीएसटीने तीन वेळा धुणं, एचआरपी लावलेली सेकंडरी १:५००० ने एक तास, परत धुणं, ईसीएल. अख्खी मेम्ब्रेन काळी आली तर ब्लॉकिंग किंवा धुणं कमी पडलं. बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड असेल तर एचआरपी मरतं. फॉस्फोप्रथिन शोधताना दूध नको, कारण दुधातलं केसीनच फॉस्फोप्रथिन, तिथे बीएसए.

पानाकडे परत या. पीसीआर पॉझिटिव्ह आणि वेस्टर्नचा बँड फिका आला, तर जीन आहे पण प्रथिन कमी बनतंय. याची कारणं विचारली तर जुनं पान आणि पाण्याचा ताण ही दोन आधी लिहा.