चार अक्षरी नाव

वाईच्या गणपती आळीतल्या त्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण मोबाइलची रेंज फक्त अंगणातल्या तुळशीपाशी येते. तिथे दुपारी तीन वाजता फरशीवर पाय ठेववत नव्हता. इरा दोन मिनिटं एका पायावर उभी राहिली आणि पळत ओटीवर आली.

"आजी, वायफायचा पासवर्ड सांग ना. सहा वाजता सानिकाशी बुद्धिबळाचा डाव आहे. काल ती जिंकली, आज मला जिंकायचंच आहे."

आजी झोपाळ्यावर बसून जाड भिंगातून वर्तमानपत्र वाचत होती. हातात लाल पेन. विश्वकोशाच्या कचेरीत तिची चौतीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली होती. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, त्याचीही मुद्रितं तिच्या हाताखालून गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी छापलेला मजकूर समोर आला की पेन आपोआप हातात यायचं.

"सांगणार नाही," आजी म्हणाली. "शोध. घरातच आहे."

"घरात कुठे?"

"कनेक्शन जोडायला आला होता त्या मुलानं विचारलं, पासवर्ड काय ठेवू? मी म्हटलं, माझं नाव ठेव. इंग्रजीत चार अक्षरांत संपतं. तो म्हणाला, आजी, आठ तरी लागतात. मग पुढे साल जोडलं." एवढं बोलून आजीनं पान उलटलं.

इराला हे फारच सोपं वाटलं. तिनं टॅबवर Sumati लिहिलं आणि अक्षरं बोटांवर मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. आजी मोजण्यात चुकेल? जी बाई 'दिपावली' छापलेलं पाहिल्यावर दुकानदाराला फोन करून 'दी दीर्घ हवी' असं सांगते, ती आपल्याच नावाची अक्षरं चुकीची मोजणार नाही.

आधी तिनं सरळ वाट धरली. राउटर आजोबांच्या हार घातलेल्या फोटोखाली कपाटावर होता. तिनं तो उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर एक लांबलचक पासवर्ड छापलेला होता. तो घातला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' अर्थातच, त्या मुलानं बदलला होता. मग Sumi घालून पाहिलं. 'जोडा' हे बटण पुसटच राहिलं, दाबताच येईना. आठ अक्षरं होईपर्यंत ते उजळत नाही, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे चार अक्षरं आणि सालाचे चार आकडे, बरोबर आठ. आजीचं गणित चोख होतं. चुकत होतं ते नाव.

तेवढ्यात ओटीवरचा फोन वाजला. कपाटाशेजारचा, तारेचा, नंबर न दाखवणारा. इरानंच उचलला.

"इंदूताई आहे का?" कुणीतरी म्हाताऱ्या, खरखरीत आवाजात विचारलं.

"नाही, राँग नंबर," असं म्हणून इरानं फोन ठेवून दिला. आजीनं वर्तमानपत्रावरून एकदा तिच्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

नाव. घरात नावं कुठे कुठे असतात? इरा स्वयंपाकघरात गेली. शांताबाई दुपारची भांडी घासून पालथी घालून गेल्या होत्या. इरानं एक ताट उलटलं. मागे टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं : 'सौ. सुमती, दि. ३-५-१९८४.' वाटीवर 'सौ. सुमती.' डब्यावर आजोबांचं नाव. एका परातीवर बाबांच्या मुंजीची तारीख. हल्ली भांड्यांवर नावं घालत नाहीत, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. कुणाचं लग्न कधी झालं, बारसं कुठल्या साली, कोणत्या मावशीनं काय दिलं, हे सगळं एका मांडणीवर वाचायला मिळायचं. घराचं दप्तरच ते.

इरा ते दप्तर वाचत सुटली. स्टीलची भांडी संपली. मग स्टूल घेऊन ती माळ्यावर चढली. तिथे पोत्यात बांधलेलं एक पितळी घंगाळ होतं, गणपतीत खाली उतरणारं. पोतं सोडलं, काठावरची धूळ फ्रॉकनं पुसली. काठाखाली ओळ होती :

'चि. सौ. कां. इंदू हिस मामांकडून सप्रेम भेट. १९७०.'

इरा तिथेच मटकन बसली. इंदू. I, n, d, u. चार.

मग तिला फोन आठवला, आणि तिचे कान गरम झाले.

खाली येऊन तिनं indu1970 घातलं. चुकीचं. मग आठवलं, इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, आणि आजी ते छोटं ठेवू द्यायची नाही. Indu1970. चुकीचं. चिडून INDU1970. तेही चुकीचं. साडेचार वाजून गेले होते.

ती झोपाळ्याशी जाऊन उभी राहिली. "आजी, तू इंदू आहेस?"

आजीनं चष्मा काढला. "होते."

"मग सुमती कोण?"

"लग्नात वरातीहून घरी आल्यावर लक्ष्मीपूजन असतं. ताटात तांदूळ पसरतात आणि त्यावर नवरा सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. तुझ्या आजोबांच्या घरी सुमती ठरलं होतं. त्यांनी लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले."

"तुला विचारलं होतं?"

"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती."

"वाईट वाटलं?"

आजीनं झोपाळा पायानं थांबवला. "वाटलं तर. पंधरा दिवस कुणी सुमती म्हणून हाक मारली की मी वळायचेच नाही. सासूबाईंना वाटलं, सुनेला ऐकू कमी येतं. पुढे सवय झाली. तुझे आजोबा भले माणूस होते, हेही खरंच. पण नाव बदललं ते बदललंच."

इराला काय बोलावं सुचेना. ती आजीच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी घंगाळावरचं वाचलं. Indu1970 लागत नाही."

"कसं लागेल?" आजी म्हणाली. "सत्तर साली मी सुमती झाले. त्या सालाचं इंदूला काय?"

म्हणजे साल त्याच्या आधीचं. इंदूचं स्वतःचं. इरानं जन्मसाल घालून पाहिलं, Indu1950. नाही. मग ती उगाच साल बदलत बसली नाही. तसं केलं असतं तर वीस खेपांत कधीतरी लागलंच असतं, पण आजी 'घरातच आहे' म्हणाली होती. आता तिला साल हवंच होतं, पण ते कुठून आलं हेही हवं होतं.

आजी म्हणायची, मुद्रितातली चूक सापडत नसेल तर ओळ शेवटाकडून वाचावी. अर्थ मध्ये येत नाही, मग अक्षर दिसतं. इरानं आजीचा दिवस शेवटाकडून वाचायला घेतला. रात्री रेडिओ. त्याआधी देवापाशी दिवा. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फेरी. दुपारी वर्तमानपत्र. सकाळी चहा. चहाच्या आधी, अगदी सर्वांत आधी, रात्रभर भरून ठेवलेलं पाणी. तांब्याच्या पेल्यातलं.

तो पेला शांताबाईंना घासायला कधीच दिला जात नाही. आजी स्वतः चिंचेनं घासते. मागच्या वर्षी इरानं त्यात रंगाचे ब्रश बुडवले होते, तेव्हा आजी रागावली नव्हती, पण तिनं पेला काढून घेतला आणि बराच वेळ धूत राहिली होती.

पेला देवघराच्या कोनाड्यात पालथा होता. बाहेरून गुळगुळीत, काहीच नाही. साठ वर्षं चिंच घासल्यावर काय राहणार? पण इरानं तो दाराशी उजेडात तिरपा धरला, तेव्हा एका बाजूला बारीक ठिपक्यांची सावली पडली. ती धावत जाऊन चिमूटभर कणीक घेऊन आली. कणीक बोटानं चोळली, वरची हलकेच फुंकली. खाचांत अडकली तेवढी राहिली आणि अक्षरं पांढरी उमटली :

'कु. इंदु. इ. ७ वी. निबंध. पहिली.'

त्याखाली आकडे. एक, मग नऊ, मग सहा. शेवटचा आकडा निम्मा झिजलेला. दोन? की तीन? कणीक त्यात धड बसत नव्हती. इरानं पाटीवर मांडलं : जन्म १९५०चा, सातवीत साधारण बारा-तेरा वर्षं. बासष्टही जमतं, त्रेसष्टही जमतं. तिनं पुन्हा कणीक चोळली, या वेळी थोड्या पाण्यानं ओली करून, आणि पेला उन्हाच्या तिरिपेत धरला. मधलं वळण दिसलं. दोनाला मध्ये असं वळण नसतं.

Indu1963.

'कनेक्ट झाले.'

ती ओरडली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ओटीवर आली. आजीनं कणकेनं भरलेली अक्षरं पाहिली आणि पेला हातात घेतला. "बरेच दिवसांनी वाचता आलं," ती म्हणाली. मग 'दु'वर नख टेकवलं. "नाव घालणाऱ्यानं ऱ्हस्व काढलाय. मी तेव्हाच सांगितलं होतं मास्तरांना, दीर्घ हवा. ते म्हणाले, आता काय पेला नवा आणू?"

"निबंध कशावर होता?"

"'मी कोण होणार?'"

"काय लिहिलं होतंस?"

"की मी पुस्तकं छापतात तिथे काम करीन आणि छापायच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा मी वाचीन." आजीनं पेल्यावरून अंगठा फिरवला. "मास्तरांनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पूर्ण नाव घेऊन."

सहाला दहा मिनिटं कमी होती. इरानं टॅब झोपाळ्यावर टेकवला, पट मांडला. सानिका अजून आली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. आजी उठायला लागली, पण इरा आधी पोचली.

"हॅलो," पलीकडे तोच खरखरीत आवाज, या वेळी जरा बिचकत. "अहो, हा नंबर... इंदूताई आहे का तिथे? मी तिचा भाऊ बोलतोय, नाशिकहून."

"आहे ना," इरा म्हणाली. "देते हं. मघाशी माझं चुकलं."

तिनं रिसीव्हर बाजूला धरला आणि आतल्या अंगणापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली, "इंदूआजी, तुझा फोन!"