आईसाठी दारावर आलेल्या सगळ्यांना

गल्लीतले सगळे, भाऊबंद, आईच्या माहेरची माणसं, अंगणवाडीच्या बाया, आणि सुरत, नाशिक, पुण्याहून फोन करणारे तुम्ही सगळे,

आई गेली त्याला आता महिना होत आला. गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, दीपक परत शेतात जायला लागला. पेपरात आभाराची जाहिरात द्यायची का, असं एका काकांनी विचारलं होतं. वर फोटो, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, आणि मध्ये 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' असं एक लांबलचक वाक्य. बापू म्हणाले, "ज्याने जे केलं ते त्याला सांगा. पेपरला काय करायचं त्याचं?" म्हणून हे लिहिते आहे. ग्रुपवर टाकते आहे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना दीपकची मोठी घरी येऊन वाचून दाखवेल. तिला चहा देऊ नका, ती रात्रभर झोपत नाही.

आई गेली ती भर आषाढात, संततधार लागलेली असताना. मी सुरतेहून गाडीने येत होते आणि नंदुरबारपासून पुढे खिडकीबाहेर नुसतं पाणी दिसत होतं. मला तर एकच घोर लागला होता, की सरण पेटणार कसं. घरी पोचले तेव्हा कळलं, तो प्रश्न सुटला होता. अप्पांनी खळ्यातली बाभळीची सुकी लाकडं काढून दिली होती. ती लाकडं त्यांनी नातीच्या लग्नात चुलाणासाठी राखून ठेवली होती, हे मला नंतर दुसऱ्याच कुणी सांगितलं. अप्पा स्वतः एक शब्द बोलले नाहीत. अप्पा, लग्नाची लाकडं दीपककडून यायची आहेत, एवढं लक्षात ठेवा. नाही म्हणू नका.

आणि ती ताडपत्री धरणारी पोरं. कपाशीच्या गाडीवर टाकायची मोठी ताडपत्री, चार कोपऱ्यांना चार जण, नीट पेट घेईपर्यंत धूर डोळ्यांत घेत उभे होते, असं दीपकने सांगितलं. तुमच्यातल्या दोघांना आईने अंगणवाडीत कान धरून बसवलेलं आहे. ती असती तर म्हणाली असती, चला, एवढं तरी नीट शिकलात.

त्या दिवसांत निंदणी ऐन भरात होती. पाऊस जरा उघडला की बाया शेतात, आणि एक दिवस गेला की त्या दिवसाचा रोज गेला. तरी वरच्या गल्लीतल्या बाया सकाळी येऊन बसल्या, दुपारपर्यंत उठल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणीच 'आमचा रोज बुडाला' असं म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण आम्हाला तो हिशेब कळतो. आई पण अंगणवाडीत लागायच्या आधी निंदायलाच जात होती.

पहिल्या रात्री घरात चूल नव्हती. समोरच्या आजी कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. मी नको म्हटलं. आजी खाली बसल्या, भाकरी मोडली, माझ्या हातात तुकडा दिला आणि म्हणाल्या, "माय, पहिले दोन घास खाई ले, मंग रड." मी खाल्लं. मग रडले. त्या दिवसांत मला जे जे सांगितलं गेलं त्यात याच्याइतकं कामाचं दुसरं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर 'सुटली बिचारी' हे वाक्य मला झेपलं नाही. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे ठाऊक आहे. शेवटचे काही महिने तिला श्वासाचा त्रास होत होता, ते तुम्ही पाहिलं होतं. पण तिला सुटायचं नव्हतं. तिला दिवाळीला माझ्याकडे सुरतेला यायचं होतं. तरी तुम्ही आलात, बसलात, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून जे तोंडात आलं ते बोललात. ते तुमचं येणं माझ्या लक्षात राहील, वाक्य नाही.

काही जण तर काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यावरचे जिभाऊ रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे, तंबाखू मळायचे आणि काळोख पडला की उठून जायचे. गंधमुक्ती होईपर्यंत एकही संध्याकाळ चुकली नाही.

बापूंबद्दल वेगळं लिहायला हवं. आई गेल्यावर ते गप्पच झाले होते. जेवायला बोलावलं की यायचे, उठ म्हटलं की उठायचे. आम्ही तिघंही घाबरलो होतो. मग एका दुपारी पारोळ्याचे नाना आले. बापूंजवळ बसले आणि सांत्वनाचं एक अक्षर न काढता म्हणाले, "यंदा तुमच्या कपाशीवर तुडतुडे दिसताहेत, फवारणी झाली का?" बापूंनी मान वर केली. म्हणाले, "पाऊस कुठं उघडू देतोय?" मग दोघं कपाशीवर बोलत राहिले. तुडतुडे, मावा, मागच्या सालची बोंडअळी, कुणाच्या शेतात पाणी साचलं आणि कुणाच्या नाही. दीड तास. वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती आणि डोळे पुसत होती. जाताना नाना एवढंच म्हणाले, की परवा चक्कर मारतो, शेत बघू. आणि खरंच आले. नाना, तुम्ही बापूंना घराबाहेर काढलंत. तुमच्या शेतीच्या गप्पांना आई कंटाळायची हे तुम्हालाही माहीत आहे, पण या वेळी तिने तुम्हाला दुसरा चहा नक्की दिला असता.

तापीपलीकडून, चोपड्याच्या बाजूने, आईच्या माहेरची माणसं आली. मामा ऐंशीच्या घरात आहेत. वाटेत नाल्याला पाणी होतं म्हणून गाडी थांबली, तर शेवटचा तुकडा पायी आले, माहेरची साडी पिशवीत छातीशी धरून. मामा, ती साडी तिच्या अंगावर घातली. हिरवी होती. तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगते, तिला आवडली असती. अस्थी आम्ही कपिलेश्वराला, तापी-पांझरेच्या संगमावर नेल्या. तुमच्याच नदीत.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. आई अंगणवाडीत होती एवढंच आम्हाला माहीत. घरी आली की ती नोकरीचं फारसं बोलायची नाही. रजिस्टरं लिहीत बसायची आणि पोषण आहाराचा हिशेब जुळला नाही की चिडायची, इतकंच. तिचं बाकीचं आयुष्य आम्हाला तुम्ही दारावर येऊन सांगितलंत.

एक ट्रकवाला भाऊ आला. मी ओळखलं नाही. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. लहान मुलांच्या वजनाचं, वाढीच्या रेषा छापलेलं. घडीवर फाटलेलं, कडा तपकिरी झालेल्या. त्यावर महिन्या-महिन्याला पेनाने टिंबं दिली होती. सुरुवातीची टिंबं सगळ्यात खालच्या पट्ट्यात, मग हळूहळू वर चढत गेलेली, आणि एका ठिकाणी टिंबाशेजारी आईच्या अक्षरात लिहिलेलं: 'आज स्वतः खाल्लं'. त्याच्या आईने ते कार्ड देवघरात ठेवलं होतं. तो म्हणाला, "बाई रोज घरी येऊन मला भरवायच्या. माझी माय कामावर जायची ना." मी त्या कार्डाचा फोटो काढून घेतला. कार्ड त्याचं त्यालाच परत दिलं, ते त्याच्याकडेच राहायला हवं. आईच्या अक्षरातलं आमच्याकडे किराण्याच्या याद्यांशिवाय फारसं काही नाही. भाऊ, तुझं नाव मी इथे लिहीत नाही, तुला अवघड वाटेल. पण तू आलास ते बरं केलंस.

अशा गोष्टी अजून कुणाकडे असतील तर आम्हाला हव्या आहेत. छोटी असली तरी चालेल, आई त्यात चिडलेली असली तरी चालेल. ती चिडायची, तुम्हाला काय सांगायचं. फोनवर बोलून पाठवा, अहिराणीत बोला, आमच्या मुलांच्या कानावर ती तेवढीच पडेल.

ज्यांना येता आलं नाही त्यांनी मनात काही धरू नका. कुणाचा पाय मोडलेला, कुणाकडे बाळंतीण, कुणाला सुरतेच्या कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. सुरतेच्या ज्या मुलांनी आपसांत पैसे गोळा करून दीपकला पाठवले, त्यांना सांगते, त्यातून उत्तरकार्याचा किराणा आला. बाकी राहिले त्यातून अंगणवाडीसाठी दोन सतरंज्या घेतल्या. पावती दीपककडे आहे.

श्रावणात घरोघरी कानबाई बसतील. यंदा आमच्याकडे बसणार नाही. पण आमच्या दारावरून मिरवणूक जाताना वाजंत्री बंद करू नका, हे बापूंनी मुद्दाम सांगायला लावलं आहे. आईला कानबाईची गाणी सगळी पाठ होती, आणि मध्येच कुणी ओळ चुकलं तर ती खिडकीतून ओरडून दुरुस्त करायची. आखाजीला तिची पहिली घागर भरू, तेव्हा मी आठ दिवस आधीच येईन. तेव्हा सगळे या.

राहिला डब्यांचा विषय. त्या दिवसांत तुमच्याकडून आलेले डबे, पातेली आणि ताटं वहिनीने घासून ठेवली आहेत. बहुतेकांवर नावं कोरलेली आहेत, त्यामुळे ओळख पटली. काहींवर तर सासऱ्यांची नावं आहेत, तरी पटली. आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही, तर आम्हीही करणार नाही. चैत्रात तिने तुमच्यातल्याच बायांना पहाटे उठवून बिबडे घातले होते, ते माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. प्रत्येक भांड्यात थोडे थोडे घालून रविवारी वहिनी आणि मी घरोघरी येऊ. यंदा तीळ जास्त पडलेत, असं ती स्वतःच म्हणत होती, तेव्हा तक्रार करू नका.

एक बिननावाचा तीन खणी डबा आणि एक झाकण नसलेली बरणी उरली आहे. ज्यांची असेल त्यांनी सांगा.

सुरेखा
बापू, दीपक आणि वहिनीच्या वतीनेही